तीन कोटेशनं, एक गच्ची : सोलरचा किलोवॅटमागचा भाव कसा काढावा?

गेल्या महिन्यात मांडव्याहून लाँच पकडून मुंबईला गेलो होतो. माझी मावसबहीण कफ परेडच्या मच्छीमार नगरात दिली आहे. घर कोळ्याचं, तळमजला आणि वर एक मजला, त्यावर स्लॅबची गच्ची. चहा पुढे आला आणि चहाबरोबर भाऊजींनी तीन कागद माझ्यापुढे ठेवले. गच्चीवर सोलर बसवायचं म्हणून तीन ठिकाणांहून मागवलेली ती कोटेशनं. "तुम्ही शेतकऱ्यांना ठिबकची कोटेशनं तपासून देता ना, मग हीपण बघा. मला तर पहिलंच बरं वाटतंय, सगळ्यात स्वस्त आहे," असं ते म्हणाले.

मी कृषी खात्यातला माणूस. सोलर हा काही माझा विषय नव्हे. पण कोटेशन हे कोटेशनच असतं. ठिबकचं घ्या नाहीतर पॅनेलचं, त्यात जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही तेच शेवटी खिशातून जातं. आपल्याकडे थळ, वरसोली, नागाव भागातही आता सोलरवाले घरोघर पत्रकं वाटू लागले आहेत. म्हणून त्या दुपारी त्या तीन कागदांचं आम्ही काय केलं ते इथे सविस्तर देतो. कंपन्यांची नावं देत नाही. तिन्ही कागदांना पहिलं, दुसरं, तिसरं एवढंच म्हणू.

तिन्हींवर "३ किलोवॅट" असं ठळक छापलेलं होतं. पहिल्याचा आकडा १,४४,००० रुपये आणि त्याखाली लाल अक्षरात "अनुदान वजा जाता फक्त ६६,०००". दुसऱ्याचा १,९२,०००. तिसऱ्याचा १,६८,०००. तीनने भागलं तर किलोवॅटमागे अनुक्रमे ४८ हजार, ६४ हजार आणि ५६ हजार पडतात. एवढ्यावर निवड करायची तर भाऊजींचं म्हणणं बरोबरच होतं.

किलोवॅट कोणाचा?

पहिला घोळ इथेच आहे. सोलरच्या संचात दोन वस्तूंवर किलोवॅट लिहिलेला असतो, एक पॅनेल आणि दुसरा इन्व्हर्टर. वीज तयार होते पॅनेलमध्ये. इन्व्हर्टर ती फक्त घरात वापरता येईल अशी करून देतो. मोठी मोटर बसवली म्हणून विहिरीत पाणी वाढत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून भाव काढताना भागायचं ते पॅनेलच्या वॅटने, आणि त्यासाठी पॅनेल किती व प्रत्येक किती वॅटचं हे कागदावर शोधायचं.

पहिल्या कोटेशनात इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा होता, पण पॅनेल ५४० वॅटची पाचच. म्हणजे २,७०० वॅट, २.७ किलोवॅट. दुसऱ्यात तसल्याच पॅनेलची संख्या सहा, म्हणजे ३.२४ किलोवॅट. तिसऱ्यात ५४५ वॅटची सहा, ३.२७ किलोवॅट. आता परत भागाकार केला. पहिलं ४८ हजारांवरून ५३,३०० च्या घरात गेलं, दुसरं ६४ हजारांवरून ५९,३०० च्या आसपास उतरलं आणि तिसरं ५१,४०० वर आलं. नुसत्या एका दुरुस्तीने पहिल्या दोघांमधलं १६ हजारांचं अंतर सहा हजारांवर आलं आणि सर्वांत स्वस्त कोण हेही बदललं.

पहिल्या कागदावर "दरमहा ३६० युनिट" असंही लिहिलेलं होतं. तो आकडा तीन किलोवॅट गुणिले दिवसाला चार युनिट गुणिले तीस दिवस असा आलेला आहे. मुंबईत आणि आपल्या किनाऱ्यावर सावली नसलेल्या गच्चीवर एका किलोवॅटला वर्षाकाठी साधारण १,३०० ते १,४०० युनिट धरावेत. एप्रिल-मेमध्ये भरपूर मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर येतात. त्या हिशेबाने २.७ किलोवॅटला वर्षाला ३,६५० च्या आसपास, म्हणजे सरासरी महिन्याला तीनशेच्या थोडे वर. पहिल्याने न बसवलेल्या पॅनेलची वीजसुद्धा विकायला काढली होती.

कर आणि अनुदान

पहिल्या कोटेशनच्या तळाशी बारीक टाइपात "कर वेगळे" एवढेच दोन शब्द होते. बाकी दोघांत जीएसटी धरलेला होता. सोलर संच बसवून देण्याच्या कामात ७० टक्के किंमत मालाची आणि ३० टक्के मजुरीची धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावरचा दर १२ वरून ५ टक्के झाला, मजुरीवर १८ टक्के आहे. दोन्ही मिळून एकूण किमतीवर ८.९ टक्के येतात. त्याआधी हेच १३.८ टक्के होतं, तेव्हा कोणाकडे जुनं कोटेशन पडलेलं असेल तर ते नव्याने मागून घ्यावं. पहिल्या कोटेशनवर कर आला १२,८१६ रुपये. एकूण १,५६,८१६.

आता अनुदान. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि त्यापुढे कितीही बसवा, जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात. यातली खोच अशी की पॅनेलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यात जी कमी ती धरली जाते. पहिल्याच्या संचाला २.७ किलोवॅटचंच अनुदान बसतं, म्हणजे ६० हजार अधिक ०.७ किलोवॅटचे १२,६००, एकूण ७२,६००. कागदावर मात्र पुरते ७८ हजार वजा केले होते. तो लाल अक्षरातला ६६ हजारांचा आकडा दोन्ही बाजूंनी खोटा निघाला, कर धरलेला नाही आणि अनुदान जास्त धरलेलं.

शिवाय हे अनुदान कोटेशनमधून कापून मिळत नाही. संच बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर ते ग्राहकाच्या बँक खात्यात येतं. तोपर्यंत पूर्ण रक्कम आपणच उभी करायची, रोखीने नाहीतर बँकेच्या कर्जाने. "फक्त ६६ हजार" वाचून तेवढेच पैसे जमवून बसलेला माणूस अडचणीत येतो. म्हणून कोटेशनांची तुलना करताना अनुदान आधी बाजूला ठेवायचं आणि शेवटी वजा करायचं.

तिसरं कोटेशन इथपर्यंत सगळ्यात स्वस्त दिसत होतं. त्यात पॅनेलपुढे कंपनीचं नाव आणि वॅट होते, पण "डीसीआर" हा शब्द कुठेही नव्हता. डीसीआर म्हणजे पॅनेल आणि त्यातले सेलसुद्धा भारतात तयार झालेले. या योजनेचं अनुदान फक्त अशा पॅनेललाच मिळतं. बाहेरच्या सेलची पॅनेल स्वस्त पडतात, चालतातही चांगली, त्यात फसवणूक अशी काही नाही. पण त्यावर अनुदान शून्य. भाऊजींनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडचा माणूस आधी म्हणाला, "ते बघू आपण." परत विचारल्यावर म्हणाला, "साहेब, डीसीआर पाहिजे असेल तर रेट वेगळा पडेल." तो वेगळा रेट लेखी पाठवा म्हटलं, तो मी परत येईपर्यंत आलेला नव्हता. १,६८,००० पैकी परत काहीच येणार नसेल तर हे तिघांत सगळ्यात महाग ठरतं. तो कागद आम्ही बाजूला ठेवला.

खारा वारा आणि लोखंड

राहिले दोन. आता गच्चीवर गेलो. पश्चिमेला समुद्र अगदी हाकेवर. गच्चीच्या दरवाजाची कडी हातात घेतली तर गंजाचा पापुद्रा निघाला. मावशींना (भाऊजींच्या आईंना) विचारलं, ही कडी कधी बसवली? "दोन दिवाळ्या झाल्या असतील," त्या म्हणाल्या. पॅनेलखालच्या सांगाड्याचं काय होणार ते त्या कडीने सांगितलं.

पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं असं सगळे सांगतात. त्याखालचं लोखंड किती टिकेल हे कोणी सांगत नाही, आणि कोटेशनं स्वस्त करण्याची सगळ्यात सोपी जागा तीच आहे. पहिल्या कागदावर "स्टँडर्ड जीआय स्ट्रक्चर" एवढंच होतं. दुसऱ्यावर "हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन, उंची ६ फूट" असं स्पष्ट लिहिलेलं. लोखंडावर जस्ताचा थर दोन तऱ्हांनी येतो. एक म्हणजे कारखान्यात आधीच जस्त चढवलेल्या पातळ पत्र्याचे चॅनेल वाकवतात. त्यावर एका बाजूला साधारण ८ मायक्रॉनच जस्त असू शकतं. दुसरी म्हणजे चॅनेल कापून, भोकं पाडून झाल्यावर अख्खाच वितळलेल्या जस्तात बुडवतात, तो ८० मायक्रॉनपर्यंत जातो. अगदी समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत जस्त वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन खाल्लं जातं. म्हणजे पहिल्या प्रकारचा थर एकदोन पावसाळ्यांत गेला, दुसऱ्याचा दहा वर्षांच्या पुढे चालला. घाटावरच्या कोरड्या गावात हा फरक इतका जाचत नाही. किनाऱ्यावर मात्र पॅनेलच्या कंपनीआधी हेच विचारायचं.

ते कसं ओळखायचं? नवीन असताना दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात, उलट पातळ थराचंच जास्त गुळगुळीत दिसतं. म्हणून थर मोजल्याचं प्रमाणपत्र मागायचं. बसवताना जागेवर चॅनेल कापला किंवा नवं भोक पाडलं तर तिथलं जस्त गेलं, त्या ठिकाणी जस्ताचा रंग लावून घ्यायचा. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि समुद्राला इतकं लागून असेल तर ३१६ प्रतीचे लिहून घ्यावेत. पॅनेलसाठी खाऱ्या हवेची वेगळी चाचणी असते, आयईसी ६१७०१ हा तिचा क्रमांक. तो पॅनेलच्या माहितीपत्रकात आहे का एवढंच बघायचं.

वाऱ्याचाही विचार हवा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे पत्रे कसे उडतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. उंचावरचं पॅनेल वाऱ्यात पतंगासारखं वर ओढलं जातं. सांगाडा किती वेगाच्या वाऱ्याला धरून केला आहे आणि तो स्लॅबला कसा धरलेला आहे, काँक्रीटच्या ठोकळ्यात की स्लॅबमध्ये बोल्ट ठोकून, हे दोन्ही कोटेशनात असायला हवं. बोल्ट ठोकले तर तिथून पाणी झिरपतं. ते बुजवायचं कोणी, हे पहिल्यात नव्हतं, दुसऱ्यातही नव्हतं. दुसऱ्याने फोनवर मान्य केलं आणि संध्याकाळी दुरुस्त कागद पाठवला.

उंचीचा मुद्दा मावशींनी काढला. गच्चीवर जाळी पसरायची असतात, मासळी वाळत टाकायची असते. पॅनेल गुडघ्याएवढ्या उंचीवर बसली तर अर्धी गच्ची गेली. सहा फुटांवर बसली तर खाली वावरता येतं, पण मासळी उन्हात हवी, ती सावलीत वाळत नाही. शेवटी पॅनेल एका कडेला घ्यायची आणि वाळवणीला दुसरी बाजू ठेवायची असं ठरलं. मासळी आली की कावळे-घारी आल्या आणि त्यांची विष्ठा पॅनेलवर. ती आठवड्याला धुवावी लागेल. म्हणजे गच्चीवर नळ, आणि पॅनेलपर्यंत हात पोहोचेल अशी वाट. यातलं काहीच कोणत्या कोटेशनात नसतं, ते आपणच सांगायचं.

मे महिन्याची सावली

तिन्ही कंपन्यांची माणसं मे महिन्यात येऊन गच्ची बघून गेली होती. तिघांनीही "सावली नाही" असं लिहिलं होतं. खरंच होतं ते, मेमध्ये नव्हतीच. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या माणसालाही सावली नसते. पण डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो. तेव्हा भरदुपारी वस्तूची उंची जितकी, जवळपास तितकीच तिची सावली उत्तरेला पडते, आणि सकाळी नऊला दुपटीहून जास्त. कफ परेडच्या उंच इमारती आजूबाजूला आहेतच. गावातही शेजाऱ्याचा माड, पाण्याची टाकी, जिन्याची खोली हेच करतात.

सावली थोडी पडली तर थोडंच नुकसान, असं वाटतं. तसं नसतं. पॅनेल एकाला एक जोडलेली असतात. ठिबकच्या मेन लाइनला मध्ये कचरा अडकला की पुढचं सगळं शेत तहानतं, तसंच एका पॅनेलवर सावली आली की त्या माळेतल्या इतरांनाही ती मागे ओढते. भाऊजींच्या गच्चीवर टाकीची उंची पाच फूट निघाली. टाकीच्या उत्तरेला निदान नऊ-दहा फूट सोडून पॅनेल घ्यायची असं आम्ही खडूने आखलं. इमारतींच्या सावलीचं मात्र शेजाऱ्यांनाच विचारावं लागलं. नाताळच्या दिवसांत या गच्चीवर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, हे तिथे राहणाऱ्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

गच्चीपासून मीटरपर्यंत

आता वायर. मीटर तळमजल्यावर, जिन्याखाली. दोरी सोडून मोजलं, गच्चीवरच्या जागेपासून ३५ मीटर भरलं. पहिल्या कोटेशनात १० मीटर वायर धरली होती, दुसऱ्यात २०. त्यापुढे दोघांचाही दर मीटरला २६० रुपये. पहिल्याला ६,५०० वाढले, दुसऱ्याला ३,९००. अर्थिंगचंही तसंच. पॅनेल-सांगाड्यासाठी एक, घरच्या विजेच्या बाजूला एक आणि वीजरोधकाला एक, असे तीन खड्डे लागतात. पहिल्यात एकच होता, उरलेल्या दोनचे ७,०००. दुसऱ्यासारखा ८० मायक्रॉनचा, सहा फुटी सांगाडा हवा म्हटल्यावर पहिल्याने २१,००० जादा सांगितले. हे आकडे कर धरून आहेत.

आता बेरीज. पहिलं कोटेशन करासह १,५६,८१६ होतं, त्यात सांगाडा, वायर आणि अर्थिंग मिळवून १,९१,३१६ झालं. २.७ ने भागा, किलोवॅटमागे ७०,८५० च्या वर. दुसरं १,९२,००० अधिक वायरचे ३,९००, एकूण १,९५,९००. ३.२४ ने भागा, ६०,४५० च्या आसपास. अनुदान आता वजा करू. पहिल्याचे ७२,६०० गेले, राहिले १,१८,७१६. दुसऱ्याचे ७८,००० गेले, राहिले १,१७,९००. म्हणजे सकाळी ४८ हजारांनी महाग वाटलेलं कोटेशन शेवटी आठशे रुपयांनी स्वस्त निघालं आणि वर एक पॅनेल जास्त.

भाऊजी बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे पहिल्याने फसवलं?" मला तसं वाटत नाही. त्याने मागणी येईल तसं देऊ म्हणून कमीत कमी लिहिलं. बाकीचं काम अर्धं झाल्यावर एकेक करून सांगितलं असतं, आणि सांगाडा उभा राहिल्यावर कोण नाही म्हणतो?

दोघांच्याही कागदावर नसलेल्या गोष्टी दोन. नेट मीटरचं शुल्क आणि मंजूर भार वाढवावा लागला तर त्याचे पैसे. दक्षिण मुंबईत वीज बेस्टची, आपल्याकडे महावितरणची, तेव्हा हे ज्याच्या त्याच्या वीज कार्यालयात विचारून कोणी भरायचं ते कोटेशनात लिहून घ्यायचं. दुसरी गोष्ट गावात जास्त लागते. बॅटरी नसलेला असा संच लाईट गेली की बंद पडतो, कडक ऊन असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच केलेला असतो. भारनियमनात पंखा चालावा म्हणून कोणी हा संच घेत असेल तर त्याची निराशा होईल. बॅटरी आणि तिला जुळणारा इन्व्हर्टर घेतला तर खर्च चांगलाच वाढतो आणि बॅटरीसाठी या योजनेत वेगळं अनुदान नाही.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींसाठी एक खुलासा. ग्रामपंचायत कार्यालय किंवा शाळेच्या छताला हे ७८ हजारांचं अनुदान लागू नाही, ते राहत्या घरांसाठी आहे. कार्यालयासाठी कोटेशन मागवाल तेव्हा पॅनेलची संख्या व वॅट, सांगाड्याचे मायक्रॉन, वायरची लांबी आणि कर हे चार रकाने आपणच छापून द्या आणि सगळ्यांना त्यातच भरायला लावा.

मच्छीमार नगरातलं काम मात्र तूर्त थांबलं आहे, आणि तेही कोटेशनमुळे नव्हे. दुसऱ्या कंपनीशी पैसे देण्याचे हप्ते ठरले, शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्यावर द्यायचा असंही लिहून झालं. अर्ज भरायला बसलो तेव्हा विजेचं बिल काढलं. मीटर अजून भाऊजींच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. अर्जदाराचं नाव आणि बिलावरचं नाव एकच लागतं. मावशी म्हणाल्या, "अरे, एवढी वर्षं बिल वेळेवर भरतोय, नावाचं कोणी कधी विचारलं नाही." आता आधी बेस्टच्या कार्यालयात नाव बदलण्याचा अर्ज, मग सोलर. आपल्या गावात आजोबांच्या नावाची मीटरं किती आहेत ते आपल्याला ठाऊकच आहे. कोटेशन मागवण्याआधी ते बिल एकदा काढून बघा.